पाटीवर काय लिहायचं?

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय 'नाव' असा ठरवला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आधी बाळांची बारशी आणि रस्त्यांची नामांतरं आली. पण त्याच आठवड्यात ठाणे जिल्ह्यातल्या एका उपनगरातून निमंत्रण आलं. तिथल्या एका गल्लीत काही माणसं बरीच वर्षं रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालतात आणि दरवर्षी लस टोचून घेतात. आता त्यांना आपल्या गटाला नाव द्यायचं होतं, आणि त्यावरून त्यांच्यात चक्क दोन तट पडले होते. चला, बघून येऊ, म्हटलं.

गट लहान. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई, त्यांना सगळे 'बाई'च म्हणतात. औषधांच्या दुकानाचे मालक. नाक्यावरच्या स्टॅण्डवरचा एक रिक्षावाला. बँकेत नोकरी करणारं एक जोडपं. आणि बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी. कुत्र्यांचे फोटो, तारखा, लशीचे हिशोब असं सगळं दप्तर तिच्याकडे. या मंडळींनी आपली नावं छापू नका असं सांगितलं. कारणही सांगितलं: "नाव छापलं की रात्री अकरा वाजता आमच्या दारात कुणीतरी पिल्लांचं खोकं ठेवून जातं."

इतकी वर्षं बिननावाचं चाललं होतं, मग आत्ताच नावाची गरज का पडली? कारण अगदी साधं होतं. पशुवैद्य डॉक्टर प्रत्येक कुत्र्यासाठी लशीचं कार्ड भरून देतात आणि त्यावर 'मालक' असा रकाना असतो. पहिली काही वर्षं त्यात बाईंचं नाव जायचं. मग एका कुत्रीने शेजारच्या बिल्डिंगमधल्या मुलाच्या पोटरीचा चावा घेतला. मुलाच्या वडिलांच्या हातात ते कार्ड पडलं आणि ते थेट बाईंच्या दारात उभे राहिले. म्हणाले, "कार्डावर तुमचं नाव आहे. म्हणजे कुत्रा तुमचा." बाईंकडे उत्तर नव्हतं. कार्डावर खरंच त्यांचं नाव होतं.

मोकाट, भटकी, बेवारस, सामुदायिक

या कुत्र्यांना काय म्हणायचं यावर आपल्याकडे कधीच एकमत नव्हतं. वर्तमानपत्रात ती 'मोकाट' असतात आणि त्यांचा नेहमी 'सुळसुळाट' किंवा 'उच्छाद' असतो. पालिकेच्या कागदावर ती 'भटकी' किंवा 'बेवारस'. गावाकडे कुणी असं काही म्हणत नाही. तिथे तो काळ्या असतो, मोत्या असतो, कुणाच्या तरी पडवीत झोपतो आणि चार घरच्या भाकरीवर जगतो. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री बसलेली असतात आणि खंडोबाच्या पायाशीही एक असतो. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. तरीही त्याच दत्ताच्या देवळाबाहेर कुत्रा बसला की पुजारी काठी उगारतो. या विसंगतीवर लेख लिहिता येतील, पण माझा तो विषय नव्हे.

कुत्र्यांवरून शहर पेटतं हेही नवं नाही. मुंबईत ६ जून १८३२ रोजी पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. इंग्रजी पोलिसांनी रस्त्यावरची कुत्री मारण्याची मोहीम काढली होती, आणि पारशांच्या धर्मात कुत्र्याला मानाचं स्थान आहे. दुकानं बंद झाली, दंगा झाला, फौज आणावी लागली. त्यानंतरही पुढची दीडशेहून अधिक वर्षं मारणं हाच देशभरातल्या नगरपालिकांचा रिवाज राहिला. मद्रासच्या ब्लू क्रॉसने १९६०च्या दशकात मारण्याऐवजी नसबंदी आणि लस हा मार्ग सुचवला आणि तो राबवून दाखवला. सरकारी नियमांत तो आला २००१ मध्ये.

त्या २००१च्या नियमांत 'रस्त्यावरची कुत्री' असा शब्द होता. मार्च २०२३ मध्ये केंद्राने प्राणी जन्म नियंत्रणाचे नवे नियम काढले. त्यांत या कुत्र्यांसाठी 'सामुदायिक प्राणी' असा शब्द आला, म्हणजे वस्तीने मिळून सांभाळायचे प्राणी. नियम विसावा त्यांना खायला घालण्याबद्दल आहे. खायला घालण्याची सोय लावण्याची जबाबदारी त्यात रहिवाशांच्या संघटनेवर किंवा स्थानिक संस्थेवर टाकली आहे. जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून आणि येण्याजाण्याच्या दारापासून दूर हवी. वेळ अशी हवी की लहान मुलं आणि म्हातारी माणसं त्या वेळी तिथून फारशी जात नसतील. घाण होऊ द्यायची नाही. आणि भांडण झालंच तर एक समिती बसवायची, तिच्यात तक्रार करणाऱ्यालाही जागा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ला दिलेल्या आदेशाने हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. त्याआधी ११ ऑगस्टच्या आदेशात दिल्ली परिसरातली सगळी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा असं म्हटलं होतं. नंतरच्या आदेशात ते बदललं: नसबंदी आणि लस झालेली कुत्री होती तिथेच परत सोडायची, पिसाळलेली किंवा हल्लेखोर मात्र सोडायची नाहीत. पालिकांनी प्रभागाप्रभागात खायला घालण्याच्या जागा ठरवायच्या आणि रस्त्यावर कुठेही खायला घालायचं नाही. या गटाला पालिकेकडे अशा जागेसाठी अर्ज करायचा आहे. अर्जावर 'अर्जदार' असा रकाना आहे. तिथे काय लिहायचं, हा नावाच्या भांडणाचा दुसरा धागा.

सकाळी सव्वासहा

भल्या पहाटे मी बाईंच्या स्वयंपाकघरात होतो. मोठ्या कुकरमध्ये तुकडा तांदूळ, कोंबडीचे पाय आणि मुंड्या, चिमूटभर हळद. मीठ नाही, कांदा-लसूण नाही. मांस कोंबडीवाल्याकडून येतं. तो ते टाकूनच देतो, त्यामुळे पैसे घेत नाही, पण बाई दिवाळीला त्याला फराळाचा डबा पाठवतात. शिट्ट्या झाल्यावर बाई हाडं निवडतात. शिजलेलं हाड दाताखाली टोकदार फुटतं आणि आतडं फाडू शकतं, म्हणून मऊ कूर्चा ठेवायची आणि लांब हाडं काढून टाकायची. साधारण पंधरा किलो वजनाच्या गावठी कुत्र्याला दिवसाला अर्ध्या किलोच्या आसपास शिजवलेलं अन्न पुरतं. बाई त्याहून कमीच घालतात. "ती दिवसभर इकडून तिकडून खातातच. पोट गच्च भरलं तर उरलेलं तिथेच पडतं, आणि उरलेल्यावर घुशी येतात. घुशी आल्या की तक्रार माझ्या नावाने."

जागा म्हणजे बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीमागची भिंत. तिथे कुणाचं दार नाही. बँकेतले साहेब पत्रावळी अंतराअंतराने मांडतात. सगळ्यात दांडगट कुत्र्याची पत्रावळ सर्वांत लांब आणि सर्वांत आधी. तो आपल्या पत्रावळीत गुंतला की बाकीच्यांना सुखाने खाता येतं. उलट केलं की गुरगुर सुरू होते, आणि ती ऐकून वरच्या मजल्यावरची खिडकी उघडते. साडेसहाला पत्रावळी गोळा, जमिनीवर बादलीभर पाणी, खराट्याचे दोन हात. सातला शाळेच्या रिक्षा सुरू होतात. तोवर तिथे काही घडलं होतं याची खूण राहता कामा नये.

मला वाटलं होतं की खायला घालणं म्हणजे भूतदया आणि लस म्हणजे शिस्त, अशी दोन वेगळी कामं असतील. तिथे उभं राहिल्यावर दिसलं की पहिल्याशिवाय दुसरं होतच नाही. कुत्रा जेवत असताना मुलगी त्याच्या शेजारी उकिडवी बसते. काही दिवसांनी पाठीवर हात ठेवते, मग मानेला, मग कानामागे, शेवटी जबड्याला. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, ठरलेल्या माणसाने असं केलं, की लशीच्या दिवशी तोच हात कुत्र्याला धरू शकतो. गाडीवरून जाता जाता बिस्किटं फेकणाऱ्यांवर रिक्षावाल्याचा राग आहे तो यामुळेच. "बिस्किटवाल्याच्या मागे कुत्रं पळतं, त्याच्या हाताला लागत नाही. आणि मग ते प्रत्येक गाडीच्या मागे पळायला लागतं. शिव्या आम्हाला."

पट्टी, सुई आणि कपाळावरचा ठिपका

लशीचा दिवस रविवार. त्या दिवशी सकाळचं जेवण मुद्दाम उशिरा, भुकेली कुत्री वेळेवर जमतात म्हणून. डॉक्टर बर्फाच्या पेटीतून लशीच्या कुप्या आणतात. लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्येच राहायला हवी. ती तापली तर वाया जातेच, पण गोठली तरीही वाया जाते, हे अनेकांना ठाऊक नसतं. म्हणून कुपी बर्फाला चिकटून ठेवत नाहीत, मध्ये जाड कापड असतं. औषध दुकानदारांनी त्यांच्या फ्रिजमध्ये एक थर्मामीटर कायमचा टांगला आहे आणि वीज गेली की ते वेळ लिहून ठेवतात. टोचायचं काम फक्त डॉक्टरांचं. गटातल्या कुणीही सुई हातात घेत नाही, कितीही सोपं दिसलं तरी.

धरण्याचं तंत्र असं. पुरेसं लांब सुती बँडेज घ्यायचं, त्याचा फास नाकाडावर टाकायचा, टोकं हनुवटीखाली एकमेकांवरून न्यायची आणि कानांच्या मागे सुरगाठ मारायची. गाठ ओढली की सुटली पाहिजे. कुत्रा तोंड उघडून धापा टाकतो तोच त्याचा घाम, त्यामुळे बांधलेलं तोंड उन्हात फार वेळ ठेवायचं नाही. एकाने मान आणि छाती कवेत घ्यायची, दुसऱ्याने मागचा भाग. डॉक्टर मानेमागची सैल कातडी चिमटीत उचलतात आणि एक मिलिलिटर लस आत सोडतात. अर्ध्या मिनिटाचं काम. लगेच कपाळावर जनावरांसाठीच्या रंगाचा ठिपका, आणि मुलगी समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक फोटो घेते. रंग काही दिवसांत उडतो. पुढचं वर्षभर ओळख पटते ती फोटोवरूनच. तिच्या वहीत कुत्र्यांची नावं फार कवितामय नाहीत: तुटका कान, पांढरपाय, गिरणीवाली, गिरणीवालीची काळी.

त्या रविवारी तुटका कान निसटला. पट्टी नाकाडावर पडायच्या आतच त्याने मान झटकली आणि तो गल्लीच्या टोकाला जाऊन उभा राहिला. बँकेतले साहेब त्याच्या मागे निघाले, तर डॉक्टरांनी त्यांना हाताला धरून थांबवलं. "एकाच्या मागे धावलात तर बाकीचे सगळे बघतायत. आज एकही हाताला लागणार नाही." तुटका कान वहीत 'राहिला' असा नोंदला गेला, आणि त्याला पुढच्या आठवड्यात त्याच्याच जेवणाच्या वेळी गाठायचं ठरलं. तीन महिन्यांच्या आतली दोन पिल्लंही राहिली, पण ती मुद्दाम. त्यांची तारीख वहीत पुढे टाकली.

गटातल्या प्रत्येकाने रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेतली आहे. कुत्र्यांना हात लावण्याची पहिली अट तीच. नसबंदी मात्र त्यांचं काम नाही. ती पालिकेने मान्यताप्राप्त संस्थेमार्फत करायची. गट फक्त गाडी आली की कुणाला न्यायचं ते दाखवतो, आणि कानाला खाच पाडून परत आणलेला कुत्रा त्याच गल्लीत सोडला जातो आहे ना, ते पाहतो. मी रिक्षावाल्याला विचारलं, दुसरीकडे सोडलं तर काय बिघडतं? तो म्हणाला, "साहेब, ही गल्ली रिकामी राहणार नाही. कचराकुंडी आहे, मटणाचं दुकान आहे. आमची लस घेतलेली उचलून न्या, पुढच्या महिन्यात पलीकडची बिनलसीची येतील. तुम्ही फक्त ओळखीची देऊन अनोळखी घेतलीत."

सत्तरचा हिशोब

एखाद्या वस्तीतल्या साधारण सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते, असं जगभर मानलं जातं. पिसाळलेला कुत्रा ज्यांना चावेल त्यातले बहुतेक लस घेतलेले निघतात आणि रोग पुढे सरकायला वाट उरत नाही. गोव्यात सरकार आणि 'मिशन रेबीज' यांनी मिळून गावोगाव, वाड्यावाड्यांवर जाऊन हेच केलं, आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं.

गल्लीत हा आकडा कसा वागतो ते मुलीने मला वहीच्या मागच्या पानावर दाखवलं. समजा गल्लीत वीस कुत्री आहेत. चौदांना लस दिली. सत्तर टक्के झाले, छान. आता वर्ष जाऊ द्या. लस घेतलेल्यांतली तीन गाडीखाली किंवा म्हातारपणाने गेली. एका मादीची पाच पिल्लं जगली. एक कुत्रा बाहेरून आला. कुत्री झाली तेवीस, लस घेतलेली उरली अकरा. कुणी काहीही चूक केलेली नाही, तरी प्रमाण निम्म्याच्या खाली आलं. म्हणून काम दरवर्षी करावं लागतं, आणि म्हणूनच नसबंदी मागे पडली की लस कितीही टोचा, ती धावत्या पट्ट्यावरची कसरत होते.

प्रमाण काढायचं तर आधी कुत्री मोजायला हवीत, आणि ती काही रांगेत उभी राहत नाहीत. लशीच्या दुसऱ्या दिवशी, कपाळावरचा रंग ताजा असताना, दोघेजण पहाटे ठरलेल्या रस्त्याने चालतात. दिसेल तो कुत्रा मोजायचा: ठिपकेवाला की बिनठिपक्याचा. दहापैकी सात ठिपकेवाले दिसले तर काम ठीक. पाच दिसले तर आपण फक्त ओळखीच्या, लाडक्या कुत्र्यांना लस दिली, लाजरी राहून गेली, असा त्याचा अर्थ. गटाचं पहिल्या वर्षी नेमकं हेच झालं होतं. जेवायला येणाऱ्या सगळ्यांना लस आणि पाण्याच्या टाकीमागे राहणाऱ्या टोळीला एकही नाही. त्यांना धरायला आता जाळीवाले प्रशिक्षित लोक बोलावतात.

नको असलेली नावं

बैठक सोसायटीच्या हॉलमध्ये झाली. फळ्यावर नावं लिहिली होती, आणि प्रत्येक नावाखाली त्याला कोण काय म्हणेल तेही. ही कल्पना औषध दुकानदारांची. त्यांचं म्हणणं, नाव आपल्याला आवडतं का हे विचारूच नका. गल्लीत ज्याला कुत्री नको आहेत, तो हे नाव घेऊन काय म्हणेल ते बघा.

'मुक्या जिवांचे सोबती' हे बाईंचं पहिलं नाव. बँकेतल्या वहिनी म्हणाल्या, "दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा रात्री तीन वाजता फोन करतील, तुमचे मुके जीव भुंकतायत म्हणून." सगळे हसले आणि ते नाव पुसलं गेलं. 'भूतदया' हे नाव छान, पण ज्याने ते नाव घेतलं नाही तो आपोआप निर्दय ठरतो, आणि गल्लीत अर्ध्याअधिक लोकांना कुत्र्यांची फक्त भीती वाटते. घाबरलेल्या माणसाला निर्दय म्हणून त्याचा पाठिंबा मिळत नाही. 'राखणदार' हे रिक्षावाल्याचं. कुत्री रात्री चोरांवर भुंकतात हे खरंच आहे. पण राखण करण्याचं वचन दिलं आणि त्याच कुत्र्याने दूधवाल्याची पँट फाडली, तर? 'दत्तक' म्हटलं की पिल्लांची खोकी येणार. 'पालक' म्हटलं की कार्डाचं दुखणं परत, कुत्रा तुमचा.

सगळ्यात गंमत झाली 'रेबीजमुक्त गल्ली' या नावाची. ते मुलीने सुचवलं होतं आणि कामाच्या दृष्टीने तेच सगळ्यात प्रामाणिक होतं. सोसायटीचे सेक्रेटरी तोवर कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "असली पाटी लावलीत तर उद्या फ्लॅट बघायला आलेला माणूस विचारेल, म्हणजे आधी इथे रेबीज होता का?" मोठ्या मोहिमेला रोगाचं नाव शोभतं, कारण तिच्यामागे सरकार उभं असतं. चार बिल्डिंगच्या गल्लीत तेच नाव अफवा होतं.

मग एका वेगळ्याच दिशेने गाडी वळली. वहिनींनी विचारलं, लोक आत्ता आपल्याला काय म्हणतात? रिक्षावाला लाजत म्हणाला, "स्टॅण्डवर इंजेक्शनवाले म्हणतात." दुकानदार म्हणाले, त्यांच्याकडे येणारी गिऱ्हाइकं 'कुत्रेवाली बाई' असा पत्ता सांगतात. बाई यावर काही बोलल्या नाहीत, पण तो उल्लेख त्यांना लागला असावा. माझ्या मते खरा मुद्दा तिथे निघाला. 'कुत्रेवाले' म्हटलं की एका बाजूला ही माणसं आणि त्यांची कुत्री, दुसऱ्या बाजूला उरलेली गल्ली. लोकांच्या तोंडून ही फाळणी पुसेल असं काहीतरी हवं होतं, आणि त्यात कुत्र्याचं नावही नको होतं.

'शेजार' हे नाव कुणी उच्चारलं यावर नंतर वाद झाला. मुलीचं म्हणणं तिने, वहिनींचं म्हणणं त्यांनी. फळ्यावर ते लिहिल्यावर दुकानदारांची परीक्षा लागली. कुत्री नको असलेला माणूस याला काय म्हणेल? शेजारी कटकट्या असू शकतो, शेजाऱ्याशी भांडण होतं, शेजारी बदलता येत नाही, आणि अडीअडचणीला दार वाजवायचं तर शेजाऱ्याचंच. नाव काहीही कबूल करत नव्हतं, फक्त कुत्री आणि माणसं एकाच गल्लीत राहतात एवढंच सांगत होतं. सेक्रेटरी म्हणाले, "यावर माझी हरकत नाही," आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. ही त्यांच्याकडून मिळालेली पहिली संमती होती, असं मला नंतर कळलं.

एक शंका मला तेव्हाही होती आणि अजून आहे. इतकं सौम्य नाव गुळगुळीत तर होत नाही ना? पाटी वाचणाऱ्याला हा वाचनकट्टा आहे की भिशी, ते कळणार कसं? बाईंनी त्यावर उपाय काढला. नावाखाली बारीक अक्षरांत काम लिहायचं: 'गल्लीतल्या कुत्र्यांचं लसीकरण. कुत्रा चावल्यास, किंवा वेगळा वागताना दिसल्यास, या नंबरवर कळवा.' बाईंच्या मते मऊ नावाला खाली एक कडक ओळ हवीच.

ज्यांच्या मुलाला कुत्रा चावला होता

नावाने माणसं जोडली जातात हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं चाव्यानंतरच्या पहिल्या तासात ठरतं. बाईंच्या दारात आलेले ते वडील आता गटाच्या रविवारी आइसबॉक्स उचलायला येतात. ते कसं घडलं हे मी त्यांनाच विचारलं.

"मी भांडायला गेलो होतो. बाईंनी आधी विचारलं, जखम धुतली का? आम्ही हळद भरली होती. त्यांनी पोराला तिथेच नळाखाली बसवलं आणि साबण लावून घड्याळ बघत पंधरा मिनिटं धुतली. मग रिक्षा बोलावली. मी म्हटलं, तुमच्या कुत्र्याला लस दिलीय म्हणता, मग दवाखाना कशाला? त्या म्हणाल्या, लस दिलीय ती माझ्या वहीत. पोराला खात्री डॉक्टरांनी द्यायची."

हे उत्तर फार महत्त्वाचं आहे, आणि कुत्र्यांवर प्रेम करणारे अनेकजण इथेच चुकतात. कुत्र्याला लस झाली आहे एवढ्यावर चावलेल्या माणसाची लस टाळायची नाही. ती लगेच सुरू करायची: त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. कातडीत द्यायचं हे वेळापत्रक सरकारी दवाखान्यात चालतं आणि तिथे ती मोफत असते. दात आत रुतून रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही भरावं लागतं. लस शरीराला लढायला शिकवते, पण त्याला दिवस लागतात. इम्युनोग्लोब्युलिन तेवढे दिवस भरून काढतं. जखमेवर चुना, तिखट, तंबाखू काही लावायचं नाही आणि घाईने टाकेही घालायचे नाहीत. रेबीजची लक्षणं माणसात एकदा दिसू लागली की बहुतेक कुणीच वाचत नाही, म्हणून या पहिल्या तासाला एवढी किंमत.

दुसरीकडे त्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची. कुत्रा पिसाळतो आहे का ते त्याच्याकडे बघून कळतं, अर्थात बघायला ओळखीचा माणूस हवा. नेहमी अंगावर येणारा कुत्रा कोपऱ्यात दडतो किंवा लाजरा अचानक अंगावर येतो. खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, घशातला आवाज बदलतो, मागचे पाय लटपटतात. शांत, मंद झालेला कुत्राही पिसाळलेला असू शकतो. फक्त धावत सुटणारा तेवढा पिसाळलेला, हा समज घातक आहे. असं काही दिसलं की गट कुत्र्याला हात लावत नाही. लांबून त्याला एका बाजूला ठेवतात, मुलांना आत घेतात आणि पालिकेला फोन करतात. त्या मुलाला चावलेली कुत्री दहा दिवसांनंतरही पत्रावळीवर हजर होती. मुलीने रोज तिचा फोटो काढून वडिलांना पाठवला. वडील म्हणाले, "चौथ्या-पाचव्या दिवसापासून मीच फोटोची वाट बघायला लागलो."

चावण्याचं कारणही निघालं. शाळेतून येताना मुलं त्या कुत्रीच्या पिल्लांकडे खडे मारायची. पिल्लं पलीकडच्या आवारात हलवली. मुलांना शाळेत जाऊन समजावलं ते बाईंनी नव्हे, वडिलांनी.

कार्डावरचा रकाना

नव्या कार्डांचा नमुना मुलीने मला दाखवला. 'मालक' हा रकाना काढला आहे. त्या जागी 'राहण्याचं ठिकाण' आलं, आणि त्यात 'गिरणीमागची भिंत' असं लिहिलेलं असतं. त्याखाली लशीचं नाव, कुपीचा बॅच नंबर, तारीख, पुढची तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक. वर 'शेजार'. आणि अगदी तळाला एक ओळ: 'हा नोंदणीकृत न्यास नाही, देणगी स्वीकारली जात नाही.' ती ओळ बँकेतल्या साहेबांनी हट्टाने घातली. न्यास नोंदवायचा तर धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागेल, हिशोब तपासून घ्यावे लागतील आणि देणगी घ्यायची तर ते व्हायलाच हवं. त्यांची सध्या तेवढी तयारी नाही. लशीचा खर्च सहाजण वाटून घेतात, डॉक्टर टोचण्याचे पैसे घेत नाहीत.

मी परत निघालो त्या आठवड्यात पलीकडच्या गल्लीतले दोघं आले होते. त्यांनाही असं काही सुरू करायचं होतं, आणि त्यांनी 'शेजार' हे नाव वापरायची परवानगी मागितली. बाई म्हणाल्या, नाव घ्या, त्याचे पैसे पडत नाहीत. मुलीने मात्र त्यांना एक कोरी वही दिली आणि सांगितलं, आधी पहाटे सहा ते सात या वेळात तुमच्या गल्लीतली कुत्री मोजून आणा, खुणांसकट. पाण्याच्या टाकीमागची तुमच्याकडे धरायची की आमच्याकडे, ते त्यानंतर ठरवू.